अनेक पानांवरचा तक्ता: आधी जोडायचा की आधी शीर्षकं सोडवायची?

मेधा: पीडीएफमधल्या वार्षिक अहवालातला स्थिर मालमत्तेचा तक्ता तीन पानांवर गेलाय. वर ‘मूळ किंमत’ आणि ‘घसारा’ अशी मर्ज केलेली शीर्षकं, प्रत्येकाखाली आरंभी, वाढ, वजा, अखेर. पानं आधी जोडून मग रिकामे सेल भरायचे, की प्रत्येक पान आधी वेगळं सोडवायचं?

शेखर: आधी जोडा. शीर्षक पहिल्याच पानावर असेल तर पुढच्या पानांना ते मिळणार कुठून? जोडून pandas चं `ffill(axis=1)` चालवलं की झालं.

विनया: साफ चूक. जागा का रिकामी आहे हे `ffill()`ला कळत नाही. यंत्रसामग्रीची ओळ घ्या: आरंभी 480, वाढ 65, वजा रिकामं, अखेर 545. आडवं भरलं की वजाखाली 65 येतात आणि उत्तर 480 निघतं, छापलेत 545. भरायचं ते फक्त शीर्षकांच्या ओळीत. ‘मूळ किंमत’चा पट्टा कुठल्या रेषेपासून कुठल्या रेषेपर्यंत आहे ते पाहून प्रत्येक रकान्याला ‘मूळ किंमत > वाढ’ असं पूर्ण नाव द्या, मगच पुढचं पान उघडा. तिथे रकान्याचा क्रमांक धरू नका. त्या पानावर ‘वजा’ पूर्ण रिकामा असला तर तो रकाना गळतो आणि पुढचे सगळे डावीकडे सरकतात. आकडे उजवीकडे टेकवून छापतात, म्हणून त्यांची उजवी कड, `x1`, पहिल्या पानाशी जुळवा.

इरफान: मी तर एक्सेलमध्ये सगळं निवडून अनमर्ज करतो, एवढा खटाटोप कशाला?

विनया: तुमच्या फाइलमध्ये सेल असतात. छापील पीडीएफमध्ये बहुधा नुसती अक्षरं, त्यांच्या जागा आणि रेषा.

तन्मय: मग रेषांवरच चाला:

```python
camelot.read_pdf("report.pdf", pages="112-114",
    flavor="lattice", copy_text=["h"])
```

मर्ज सेलमधला मजकूर आडवा आपोआप पसरतो.

विनया: सगळ्या रेषा छापलेल्या असतील तर उत्तम. पण अहवालात अनेकदा फक्त शीर्षकाखाली आणि बेरजेच्या वर रेघ असते. उभ्या रेषाच नसल्या तर रकाने वेगळे पडणार कसे?

शेखर: आकड्यांचं मान्य. पण डावीकडच्या गटनावांचं काय? ‘भाडेपट्ट्यावरील’ पहिल्या पानाच्या तळाशी, त्यातली वाहनं दुसऱ्या पानावर, नाव पुन्हा छापलेलं नाही. तिथे खाली भरावंच लागतं, आणि त्यासाठी पानं जोडावीच लागतात.

विनया: तिथे तुमचं बरोबर आहे, रकान्यांची नावं पक्की झाल्यावर जोडा. पण थांबायचं कुठे ते आधी ठरवा. नाहीतर शेवटची ‘एकूण’ ओळही ‘भाडेपट्ट्यावरील’मध्ये जाते. ही चूक जास्त घातक, कारण आडवी बेरीज तरीही जुळते. गटाची उपबेरीज छापली असेल तर तिच्याशी ताडून पाहा.

मेधा: माझ्या तक्त्यात उपबेरीज नाही. गट फक्त थोडं आत सरकवून दाखवलेत, आणि दुसऱ्या पानाचा डावा समासच वेगळा आहे.

तन्मय: ‘एकूण’ ओळीची डावी कड दोन्ही पानांवर सापडते का? त्यावरून समासातला फरक काढता येईल.

मेधा: ती फक्त शेवटच्या पानावर आहे.