तीन नग, एक नाव : संच विकणाऱ्यांनी आपले अनुभव लिहावेत

माझे सोलापुरात टॉवेल आणि नॅपकिनचे छोटे दुकान आहे. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत चादर, टॉवेल आणि नॅपकिन असा तीन नगांचा संच ठेवण्याचा विचार आहे. मात्र तीन वस्तू एका पिशवीत घालून ‘कॉम्बो’ अशी चिठ्ठी डकवल्याने त्यांचा संच होत नाही, हे इतर दुकानांत पाहिले आहे. गिऱ्हाईक लगेच विचारते, ‘यातला टॉवेल नको, किती कमी कराल?’ ज्यांनी असे संच प्रत्यक्ष विकले आहेत, त्यांनी नाव कसे ठरवले आणि मांडणी कशी केली, ते सविस्तर लिहावे.

नवी पेठेतील कापडविक्रेते

आपण लिहिलेला तो प्रश्नच संचाची खरी परीक्षा आहे. गिऱ्हाईक एखादा नग काढून टाकायला सांगत असेल, तर त्याच्या मनात संच अजून जुळलेला नाही. माझ्या दुकानात याच तीन वस्तू आधी ‘फॅमिली पॅक’ या नावाने होत्या आणि प्रत्येक वेळी घासाघीस व्हायची. पुढे मी संचाला ‘पाहुणचार’ हे नाव दिले. यात नावाचा गोडवा मला दुय्यम वाटतो. घरी पाहुणा मुक्कामाला आला की अंथरायला चादर, अंघोळीला टॉवेल आणि हात पुसायला नॅपकिन लागतो, त्यामुळे त्या नावाखाली तिन्ही वस्तूंना आपापले काम मिळते आणि एक काढली तर उणीव दिसते. ‘बचत’, ‘धमाका’, ‘स्पेशल’ ही नावे फक्त दराबद्दल बोलतात, म्हणून गिऱ्हाईकही दराबद्दलच बोलते.

मात्र नुसत्या नावाने भागत नाही, तीन वस्तू एकाच घरातल्या दिसाव्या लागतात. चादर एका कारखान्याची, टॉवेल दुसऱ्याचा, नॅपकिन तिसऱ्याचा असेल, तर तिन्ही ‘मरून’ असूनही मरून तीन प्रकारचा निघतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हा फरक कळत नाही. दारात नेऊन उन्हात तिन्ही घड्या एकमेकींवर ठेवल्या की लगेच कळतो. म्हणून मी पूर्ण रंग जुळवण्याच्या नादी लागत नाही. चादरीच्या किनारीतला एकच रंग निवडतो आणि टॉवेल व नॅपकिन पांढरे घेऊन त्यांच्या पट्टीत तोच रंग मागतो. अरुंद पट्टीतला किंचित फरक डोळ्यांना खुपत नाही. ऑर्डर देताना फोनवर रंगाचे नाव सांगू नये, चादरीच्या किनारीचा तुकडा कापून पाठवावा.

घडीकडेही लक्ष द्यावे. चादरीची घडी तळाला, तिच्याच रुंदीची टॉवेलची घडी वर आणि नॅपकिनची अरुंद घडी मध्यभागी, तिन्हींच्या पट्ट्या एका रेषेत याव्यात. त्याभोवती रुंद कागदी पट्टा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत फक्त नाव. पारदर्शक पिशवीत नग शेजारी शेजारी ठेवले की ते सुटेच वाटतात. माझा हिशेब असा : चादर 650, टॉवेल 280, नॅपकिन 70, म्हणजे सुटे घेतल्यास 1000 रुपये, संच 900 रुपयांना. पट्ट्याच्या समोर 900 एवढाच आकडा असतो आणि सुट्या किमती मागच्या बाजूला लहान अक्षरांत असतात, कारण त्या समोर आल्या की गिऱ्हाईक वजाबाकी सुरू करते. त्या लपवूही नयेत. विचारल्यास पट्टा उलटून दाखवावा.

हल्ली काही जण आत येऊन ‘पाहुणचार दाखवा’ असेच म्हणतात.

यात्रेत स्टॉल लावणारे एक व्यापारी

एवढा खटाटोप कशाला, असे मला वाटते. ‘चादर व टॉवेलवर नॅपकिन मोफत’ असा फलक लावावा. गर्दीत नाव वाचायला कोणाला वेळ नसतो, ‘मोफत’ हा शब्द मात्र लांबूनही वाचला जातो. माझा माल असाच संपतो.

विपणन हा विषय शिकवणाऱ्या प्राध्यापिका

गर्दीपुरते आपले म्हणणे खरे आहे. पण फुकट दिलेल्या छोट्या वस्तूमुळे मोठ्या वस्तूची किंमतही खाली ओढली जाऊ शकते. वीव्हर, गार्सिया आणि श्वार्झ या संशोधकांचा 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबद्दलच आहे. त्यात आयपॉड व त्याचे कव्हर यांना लोक जेवढी किंमत द्यायला तयार होते, त्याहून कमी किंमत त्यांनी आयपॉड, कव्हर आणि एक मोफत गाणे अशा संचाला देऊ केली. विक्रेत्याच्या भूमिकेतल्या लोकांना मात्र गाणे घातल्याने संच अधिक आकर्षक होईल असे वाटत होते. विकणारा बेरीज करतो आणि घेणारा नकळत सरासरी काढतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. त्यामुळे 70 रुपयांचा नॅपकिन ‘मोफत’ म्हणून पुढे करण्यापेक्षा संचाचा भाग म्हणून आत ठेवणे मला अधिक योग्य वाटते. सोलापूरच्या बाजारात हे कितपत लागू पडते, हे मात्र आपणच सांगू शकाल.

स्टॉलवाले व्यापारी

आयपॉडचे मला माहीत नाही. पण यात्रेनंतर दुकानावर आलेले काही जण नॅपकिनचे पैसे द्यायला कुरकुर करतात, हे मात्र होते.

बचत गटातील एक ताई

आमचा माल खाण्याचा आहे : कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कारळ्याची चटणी. नाव ‘गाडीतली शिदोरी’, कारण आमचे बरेचसे गिऱ्हाईक पुण्या-मुंबईला निघालेले असते. आमची अडचण रंगाची नसून भाकरी मोडण्याची होती. चटणीची बरणी भाकऱ्यांवर ठेवली की भाकऱ्यांचा चुरा व्हायचा, आणि खोका उघडताच तुकडे दिसले की नावाची शोभा जाते. आता भाकऱ्या खोक्यात तळाशी आडव्या ठेवतो, वर जाड पुठ्ठा आणि बरणीऐवजी चटणीची चपटी पाकिटे. भाकरी टिकते, पण चटणीला तेलाचा खवट वास लवकर लागतो. म्हणून खोक्यावर सर्वांत आधी संपणारी तारीखच घालावी लागते. कारळे नको म्हणणाऱ्यांना आम्ही जवसाची चटणी बदलून देतो. तेवढ्याने शिदोरी बिघडत नाही.

अक्कलकोट रस्त्यावरील एक यंत्रमागधारक

मला वाटते, येथे ‘सोलापुरी’ हे नाव लावण्याबद्दल विचारले आहे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरून आणलेली चादर घालून संचाला ‘सोलापुरी पाहुणचार’ म्हणता येणार नाही.

धागाकर्ती

माझा प्रश्न तो नव्हता, पण बरे झाले सांगितलेत, कारण माझ्या मनातल्या यादीत असेच एक नाव होते.

एक कर सल्लागार

एक व्यावहारिक बाब सांगतो. एकमेकांशी स्वाभाविक संबंध नसलेल्या वस्तू एकाच किमतीला विकल्या, तर 2017 च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 8 नुसार सर्वांत जास्त दराच्या वस्तूचा दर संपूर्ण संचाला लागतो. चादर, टॉवेल व नॅपकिन यांचा दर एकच असेल तर फरक पडत नाही. पण शोभेसाठी त्यात जास्त दराची एखादी वस्तू घातलीत, तर हिशेब बदलेल. ताईंच्या भाकरी-चटणीला स्वाभाविक जोडी मानावे की नाही, यावर वाद होऊ शकतो.

बचत गटातील ताई

सोलापुरात भाकरी आणि चटणी यांची जोडी स्वाभाविक नाही, असे कोणी म्हणेल का?

कर सल्लागार

ताई, जेवताना कोणी म्हणणार नाही. पण त्या दोन्ही वस्तू तुम्ही सुट्याही विकता, त्यामुळे कायद्याच्या भाषेत तेवढे पुरेसे ठरेलच असे मी लिहून देणार नाही. गटाची नोंदणी असेल, तर तिन्हींचे दर एकदा तपासून घ्यावेत.