मदत हवी आहे: पोर्ट फॉरवर्ड करूनही एनव्हीआर बाहेरून उघडत नाही

बेदाणा_तासगाव
तासगावला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा एनव्हीआर बसवलाय. एनव्हीआरचा पत्ता 192.168.1.64. तिथल्या वायफायवर मोबाईलमध्ये झकास दिसतो, पुण्याला घरी येऊन तोच पत्ता टाकला की काहीच उघडत नाही. राउटरमध्ये पोर्ट 8000 फॉरवर्ड केलाय. कॅमेरेवाला म्हणतो प्रायव्हेट आयपी राउटर अडवतो. मग ते अडवणं बंद करायचं सेटिंग कुठे असतं? सगळे मेनू धुंडाळले. सोमवारपासून माल भरायचाय, लवकर सांगा.

टेक_मामा
सोपं आहे. 10, 172 आणि 192.168 ने सुरू होणारे पत्ते राउटर सुरक्षेसाठी अडवतो. डीएमझेडमध्ये 192.168.1.64 टाका, सेव्ह करा, राउटर रीस्टार्ट करा. काम फत्ते.

पॅकेट_मास्तर
मामा, डीएमझेड म्हणजे एनव्हीआरची सगळी पोर्टं जगाला उघडी. आणि 172 सरसकट नाही, 172.16 ते 172.31 एवढंच प्रायव्हेट. 172.217 गूगलचं आहे, ते कोण अडवेल?
बेदाणा, असं सेटिंग नाहीच, त्यामुळे शोधू नका. तीन गोष्टी सांगा. एक, तासगावच्या राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी काय दिसतो? दोन, तिथल्याच वायफायवरून 'माझा आयपी काय' दाखवणाऱ्या साइटवर काय येतं? तीन, पुण्याच्या घरचा राउटर कोणत्या पत्त्यावर उघडतो?

बेदाणा_तासगाव
घरचा पण 192.168.1.1 वरच उघडतो. त्याचा इथे काय संबंध? घर वेगळं, कोल्ड स्टोरेज वेगळं.

पॅकेट_मास्तर
संबंध तिथेच आहे. तुम्ही घरी बसून 192.168.1.64 टाकता तेव्हा फोन बघतो की हा पत्ता आपल्याच नेटवर्कातला आहे. मग तो घरातच "64 कोण आहे?" म्हणून हाक मारतो. पॅकेट राउटरकडे जातसुद्धा नाही, अडवायचा प्रश्नच येत नाही. घरच्या एखाद्या प्रिंटरला 64 मिळाला असेल तर तुमच्या कॅमेऱ्याच्या ॲपला तो प्रिंटर उत्तर देईल.
मोबाईल डेटावरून टाकलंत तर पॅकेट कंपनीच्या नेटवर्कात जाईल आणि तिथे मरेल. 192.168.1.64 हा पत्ता असलेली यंत्रं जगात लाखोंनी असतील. "हा पत्ता माझ्याकडे" असं इंटरनेटवरच्या राउटरांना कुणीच जाहीर करत नाही, केलं तर शेजारची नेटवर्कं ते फेकून देतात. रस्ताच माहीत नसलेलं पॅकेट राउटर कुठे पाठवणार?

सुहासिनी_क
मास्तरांना +१, पण एक भर घालते. "राउटर प्रायव्हेट पत्ते पुढे पाठवत नाही" हे वाक्यच अर्धवट आहे. मोठ्या ऑफिसात 10.x ची पॅकेटं दिवसभर एका राउटरवरून दुसऱ्यावर जातात. पॅकेटवर प्रायव्हेट असा शिक्का नसतो. घरचा राउटरही बहुतेक वेळा ती मुकाट्याने बाहेर ढकलतो. स्वतः करून बघा:

```
tracert -d 10.200.5.5
  1    1 ms   192.168.1.1
  2    6 ms   100.64.0.1
  3    *      Request timed out.
```

पहिला टप्पा घरचा राउटर. त्याने अडवलं नाही, डीफॉल्ट रस्त्याने वर सरकवलं. मेलं ते कंपनीच्या नेटवर्कात. काही राउटर स्वतःच "नेटवर्क सापडत नाही" असं उत्तर देतात, ते फर्मवेअरवर आहे.

टेक_मामा
म्हणजे कुठेतरी अडवतात ना? मी तेच म्हणत होतो.

सुहासिनी_क
नाही हो मामा. तुम्ही "सुरक्षेसाठी" म्हणालात. प्रायव्हेट पत्ते ठरवणारा १९९६ चा नियम, आरएफसी १९१८, आला तो पत्ते पुरावेत म्हणून. कंपन्या गाळणी लावतात ती नंतरची गोष्ट. तीही हवीच, कारण पाठवणाऱ्याच्या जागी 192.168 असलेलं पॅकेट चुकून बाहेर पडलं तर पोचेल कदाचित, पण त्याचं उत्तर परत यायला वाट नाही.

नोडवाला
माझंही सेम. लॅपटॉपवर ॲप 127.0.0.1:3000 ला मस्त चालतं, त्याच वायफायवर मोबाईलमध्ये टाकलं तर उघडत नाही. राउटर बदलावा का?

पॅकेट_मास्तर
सेम नाही. 127 ने सुरू होणारं पॅकेट यंत्राच्या बाहेरच पडत नाही. मोबाईलवर 127.0.0.1 टाकलं की मोबाईल स्वतःच्याच पोटात बघतो. दुसऱ्या कुणी तारेवरून 127 चं पॅकेट पाठवलं तर लिनक्स ते "martian" म्हणून टाकून देतं. राउटर बिचारा निर्दोष आहे.
लॅपटॉपवर `netstat -ano | findstr :3000` चालवा. 127.0.0.1:3000 दिसलं तर ॲपला 0.0.0.0 वर ऐकायला लावा आणि मोबाईलवर लॅपटॉपचा 192.168 वाला पत्ता टाका. तरी नाही उघडलं तर विंडोजची फायरवॉल बघा. पुढचं वेगळ्या धाग्यात विचारा, इथे आधीच गर्दी झालीये.

बेदाणा_तासगाव
तासगावला माणूस पाठवून बघितलं. वॅनला 100.86 ने सुरू होणारा आयपी आहे. साइटवर 103 ने सुरू होणारा भलताच दिसतो. आणि हो, सांगायचं राहिलं, परवा नवीन कॅमेरा लावला, त्याला 169.254.37.112 असा पत्ता आलाय आणि तो एनव्हीआरमध्ये येत नाही. हा पब्लिक आयपी आहे का? हाच वापरू का?

पॅकेट_मास्तर
हे आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं.
पहिलं उत्तर: 100.64 ते 100.127 हा पट्टा इंटरनेट कंपन्यांना ग्राहकांच्या बाजूला वापरायला २०१२ मध्ये राखून ठेवलाय. म्हणजे तुमच्या राउटरच्या वर कंपनीचा आणखी एक नॅट, म्हणजे पत्ते बदलून देणारं यंत्र, आहे. 103 वाला पत्ता त्या यंत्राचा, आणि त्यामागे अनेक ग्राहक. बाहेरून 103 च्या पोर्ट 8000 वर आलेलं पॅकेट तुमच्यासाठी आहे हे त्या यंत्राला कळायला मार्ग नाही. तुमचं फॉरवर्डिंग बरोबर असेलही, पण त्या दारापर्यंत कुणी येतच नाही. डीएमझेडनेही काही होणार नाही.
दुसरं: 169.254 पब्लिक नाही. कॅमेऱ्याने पत्ता मागितला, कुणी दिला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. तो फक्त त्याच तारेवरच्या यंत्रांपुरता चालतो. राउटरने तो पुढे पाठवायचा नाही असा नियमच आहे. डीएचसीपीचा पूल किती मोठा ठेवलाय?

सुहासिनी_क
नियम आहे खरा, २००५ च्या आरएफसी ३९२७ मध्ये स्पष्ट लिहिलंय. पण लिनक्सवर चालणारे राउटर आयपीव्ही४ चा 169.254 आपोआप टाकून देत नाहीत, तसा फायरवॉलचा नियम घालावा लागतो. 127 ला कर्नल अडवतं, 169.254 ला नाही.

पॅकेट_मास्तर
चांगल्या फर्मवेअरमध्ये तो नियम घातलेला असतो.

सुहासिनी_क
"चांगल्या" म्हणजे कुठल्या? बाजारातल्या स्वस्त राउटरवर भरवसा ठेवून कुणी असं छातीठोक सांगू नये.

आयपी६_प्रेमी
एवढा काथ्याकूट कशाला? आयपीव्ही६ चालू करा, नॅटची भानगडच नको. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचा पत्ता.

बेदाणा_तासगाव
एनव्हीआरमध्ये आयपीव्ही६ चालू केलं. fe80:: ने सुरू होणारा पत्ता आला. मोबाईल डेटावरून टाकला, चालत नाही. पूल 192.168.1.100 ते 110 आहे.

सुहासिनी_क
fe80 म्हणजे 169.254 चाच आयपीव्ही६ मधला भाऊ. तोही तारेपुरताच, आणि हा मात्र लिनक्स राउटर खरोखर पुढे पाठवत नाही. बाहेरून चालणारा पत्ता सध्या 2 ने सुरू होतो. तो एनव्हीआरला दिसत नसेल तर कंपनी आयपीव्ही६ देत नाही किंवा राउटरमध्ये बंद आहे. मिळाला तरी राउटरच्या फायरवॉलमध्ये वाट करून द्यावी लागेल, आणि ज्या नेटवर्कावर आयपीव्ही६ नाही तिथून उघडणार नाही.
पूल अकराच पत्त्यांचा आहे. हमालांचे, ड्रायव्हरांचे मोबाईल वायफायला लागले की संपला. 100 ते 199 करा, कॅमेऱ्याची वीज काढून परत द्या. तरी 169.254 च आला तर केबल आणि स्विचचं पोर्ट बदलून बघा. कॅमेरा एनव्हीआरच्या मागच्या पीओई पोर्टात लावला असेल तर हे सगळं लागू नाही, तिथे पत्ते एनव्हीआर देतो.

टेक_मामा
स्टॅटिक आयपी घ्या कंपनीकडून. विषय संपला.

पॅकेट_मास्तर
हा मामांचा आजचा योग्य सल्ला. फक्त विचारताना "पब्लिक स्टॅटिक" विचारा, नाहीतर 100.86 वालाच कायमचा करून देतील आणि पैसे घेतील. मिळाल्यावर वॅनचा आयपी आणि साइटवरचा आयपी एकच आहे का ते बघा.
नसेल घ्यायचा तर उलटा रस्ता. तासगावला एक रास्पबेरी पाय ठेवा, बाहेर पब्लिक आयपीचा एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, आणि पायने वायरगार्ड या व्हीपीएनने त्या सर्व्हरला आतून बाहेर जोडून ठेवायचं; मोबाईलही वायरगार्डने त्याच सर्व्हरला जोडायचा. आतून सुरू झालेला संवाद कंपनीचा नॅट लक्षात ठेवतो, म्हणून चालतं. पायच्या फाइलमध्ये सर्व्हरसाठी, किल्ली आणि सर्व्हरच्या पत्त्याच्या ओळींसोबत, हे हवं:

```
AllowedIPs = 10.8.0.0/24
PersistentKeepalive = 25
```

दुसरी ओळ गाळू नका. पंचवीस सेकंदांनी काही ना काही गेलं नाही तर नॅट विसरतो आणि बाहेरून जोडणी बंद पडते. सर्व्हरवर पायच्या AllowedIPs मध्ये आणि मोबाईलवर सर्व्हरच्या AllowedIPs मध्ये तासगावचं नेटवर्कही लिहा, आणि पाय व सर्व्हर दोन्हीकडे पॅकेट पुढे पाठवणं चालू करा. त्याआधी तासगावचं नेटवर्क 192.168.47.x करा, नाहीतर घरी परत तोच 64 चा गोंधळ.

सुहासिनी_क
आणि इथे हमखास अडकतात ते सांगते. जोडणी होते, पायला पिंग लागतो, एनव्हीआर मात्र गप्प. कारण एनव्हीआरला मोबाईलच्या वायरगार्डमधल्या पत्त्यावरून, समजा 10.8.0.2 कडून, विनंती येते, तो उत्तर राउटरकडे देतो, आणि राउटर ते 10.8 चं पॅकेट वर कंपनीकडे ढकलतो. तिथे ते मरतं, वर tracert मध्ये मेलं तसंच. राउटरमध्ये स्टॅटिक रूट टाका: 10.8.0.0, मास्क 255.255.255.0, गेटवे पायचा पत्ता, समजा 192.168.47.5. राउटरमध्ये ती सोय नसेल तर पायवर मास्करेड लावा, म्हणजे विनंती पायच्याच पत्त्यावरून आल्यासारखी दिसेल.

बेदाणा_तासगाव
पूल वाढवला, नवीन कॅमेऱ्याला 192.168.1.123 आला, पण एनव्हीआरमध्ये अजून जुनाच पत्ता दाखवतोय. पब्लिक स्टॅटिकचं कंपनीला विचारलं, ते म्हणाले बिझनेस प्लॅन घ्या. पाय आणि सर्व्हर मिळून स्वस्त पडेल का? आणि सोमवारपर्यंत होईल का?

पॅकेट_मास्तर
एनव्हीआरमधून तो कॅमेरा काढून परत जोडा, आणि राउटरमध्ये त्याच्या मॅकला पत्ता बांधून टाका. खर्चाचं बिझनेस प्लॅनचा आकडा कळल्याशिवाय कसं सांगू?

टेक_मामा
सोमवारपर्यंत कॅमेरा कंपनीचं क्लाउड ॲप वापरा की. क्यूआर स्कॅन केला की दिसतं.

सुहासिनी_क
दिसतं, कारण तेही आतून बाहेरच जोडतं. फक्त चित्र कोणाच्या सर्व्हरवरून जातंय याचा विचार करून काय ते ठरवा.