मदत हवी आहे : शिल्लक साठा २५,६०० की २६,०००?

मामांच्या दुकानाच्या स्टॉक रजिस्टरचा फोटो आलाय, पण तारखांचा रकाना कापला गेलाय. सिमेंटच्या सुरुवातीच्या गोण्या १००, दर ३०० रुपये. खरेदी २००, दर ३३०. विक्री ६० आणि १६०, दोन्ही ४०० रुपयांनी. शिल्लक ८०.

फिफोने, म्हणजे आधी आलेला माल आधी विकला असं धरून, साठ्याची किंमत २६,४०० रुपये आणि ढोबळ नफा १८,४०० येतो, त्यात शंका नाही. भारित सरासरीत मात्र अडलोय. सगळी बेरीज करून दर ३२० येतो, म्हणजे साठा २५,६००, नफा १७,६००. पण ६० गोण्या खरेदीआधीच विकल्या असतील तर दर ३२५ होतो आणि साठा २६,०००. तारखा मिळेपर्यंत कोणता आकडा धरायचा? मामा तर म्हणतात, "कुठलाही लिही!"