मदत हवी आहे: सभासद यादीतल्या उलटलेल्या तारखा कशा ओळखायच्या?

दादर आणि गिरगावच्या सभासद याद्या गूगल शीटमध्ये एकत्र करायच्या आहेत. दुहेरी नोंदींसाठी मोबाइलचे शेवटचे दहा आकडे काढून मोजले:

```
=RIGHT(REGEXREPLACE(TO_TEXT(B2),"\D",""),10)
```

नवरा-बायकोचा नंबर एकच असतो, म्हणून नावही जुळवतो. ते जमलं.

घोळ तारखांचा आहे. शीटचं लोकेल अमेरिकेचं होतं. त्यामुळे 25/04/2019 मजकूर म्हणून राहिली, ISNUMBER ने सापडली. पण 03/04/2019, म्हणजे 3 एप्रिल, गुपचूप 4 मार्च झाली. लोकेल आता भारताचं केलंय, तरी आतली किंमत तीच. सरसकट उलटवताही येत नाही, काहींनी तारखा नंतर हाताने दुरुस्त केल्यात. पावती क्रमांक मात्र ओळीने आहेत. आधीच्या-नंतरच्या पावतीच्या तारखांमध्ये न बसणाऱ्या तारखा दाखवणारं सूत्र कसं लिहायचं?