मदत हवी आहे: माईकशिवाय सभेत भाषण, मंगळवारीच आहे

विडी_घरकुल
मंगळवारी सोलापुरात मोर्चा आहे. माईकची परवानगी मिळाली नाही. भाषण चार पानी लिहून तयार आहे. शेवटपर्यंत ऐकू जायला काय करावं आणि घसा बसू नये म्हणून काय घ्यावं? लवकर सांगा, वेळ नाही.

तिखट_शेंगाचटणी
ज्येष्ठमध तोंडात धरा. खडीसाखर, लवंग. आदल्या दिवशी ताक-दही बंद.

बॅटरीवाला
हातातला भोंगा घ्या की. सेलवर चालतो, खांद्याला अडकवायचा. परवानगीची भानगडच नाही.

कोर्टकचेरी
@बॅटरीवाला, भानगड आहे. हातातला भोंगाही ध्वनिवर्धकच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत ध्वनिवर्धकाला परवानगी लागते, आणि कोर्ट, दवाखाना, शाळा-कॉलेजपासून शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. लोकांना चुकीचं सांगू नका.

झीलकरी
माणसं किती? बसलेली की उभी? जागा कोणती, किती वाजता, शेजारून गाड्या चालू असणार का? आणि समोर कोण बसणार? हे सांगितल्याशिवाय काय सांगणार?

विडी_घरकुल
अहो मोर्चा म्हटल्यावर पूनम गेटच ना, आणखी कुठं! दीड हजार बायका. बसलेल्या. अकरा वाजता. पोलीस रस्त्याची एक बाजू देतात, रुंदी धरा दहा मीटर. दुसऱ्या बाजूनं गाड्या चालूच. विडी कामगार आहोत, पेन्शनचा विषय. भाषण मीच करणार.

सोनाली_पालक
माझ्या मुलीची आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा आहे, तिथंही माईक नसतो. हातवारे किती करावेत?

झीलकरी
सोनालीताई, वेगळा धागा काढा, इथं हरवेल.

विडी घरकुल ताई, आधी हिशेब. बसलेल्या बायका एका चौरस मीटरला दोन धरल्या तर दीड हजारांना साडेसातशे चौरस मीटर लागतात. दहा मीटर रुंदीत ती रांग पंचाहत्तर मीटर लांब होते. तुम्ही एका टोकाला उभ्या राहिलात तर शेवटची बाई पंचाहत्तर मीटरवर. लांब बाजूच्या मधोमध, कंपाउंडच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिलात तर दोन्हीकडं साधारण सदतीस. पहिलं काम हे. बहुतेक मोर्च्यांत बोलणाऱ्याची गाडी टोकाला लावतात, कारण मोर्चा जसा येतो तसाच बसतो. स्वयंसेवकांना आधीच सांगून ठेवा.

तरीही नुसत्या आवाजानं भागणार नाही. जोरकस आवाज एका मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास असतो आणि उघड्यावर अंतर दुप्पट झालं की सहानं पडतो. आठ मीटरवर ६७ उरतो. शेजारून रिक्षा-बस चालू असेल तर गडबडच ६५ ते ७० असते. म्हणजे आठ-दहा मीटरच्या पुढं तुम्ही बोलताय एवढं दिसेल, शब्द कळणार नाही. ज्येष्ठमध खाऊन हे गणित बदलत नाही.

या दहा मीटरांत तीनेकशे बायका बसतात. तुमचं भाषण त्यांच्यासाठी. बाकी बाराशेंना ते या तीनशेंच्या तोंडून ऐकू जाणार. म्हणून भाषण असं लिहायचं की ऐकलेली ओळ जशीच्या तशी उचलून म्हणता आली पाहिजे. चार पानांतल्या दोन ओळी इथं टाका, बघू.

पाटलाग
झीलकरी बरोबर बोलतायत. २०११ ला न्यूयॉर्कमध्ये वॉल स्ट्रीटविरुद्ध लोक चौकात बसले होते तेव्हा हेच केलं. तिथंही ध्वनिवर्धकाला परवाना लागत होता. बोलणाऱ्यानं वाक्य टाकायचं आणि अख्ख्या गर्दीनं म्हणायचं. त्यामुळं चार पानं तशीच ठेवा, फक्त लोकांना म्हणायला लावा.

झीलकरी
पद्धत बरोबर, चार पानं चूक. तिथंसुद्धा वाक्याचे तुकडे पाडूनच बोलायचे. पाच-सहा शब्दांच्या पुढं गेलं की गर्दी पहिले तीन शब्द म्हणते आणि पुढं नुसती भुणभुण. शिवाय वेळ बघा. ओळ तीन सेकंद, उत्तर दोन-तीन सेकंद, मध्ये एक श्वास. एका ओळीला सात सेकंद. पंचेचाळीस ओळी म्हणजे पाच मिनिटांच्या वर. एवढंच तुमचं भाषण. गर्दी याहून जास्त वेळ म्हणत राहत नाही, पाण्याच्या बाटल्या निघतात.

विडी_घरकुल
पाच मिनिटांत काय होणार? घ्या, सुरुवात अशी आहे:

"आयुष्यभर विड्या वळून संसाराचा गाडा ओढणाऱ्या आमच्या माता-भगिनींना उतारवयात अवघ्या एक हजार रुपयांच्या तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर गुजराण करावी लागत आहे, ही अत्यंत खेदजनक बाब आहे."

अक्कलकोट_रोड
ही हजाराची किमान पेन्शन २०१४ पासून तिथंच आहे बरं का. आणि अनेकींची सेवाच नीट नोंदवलेली नाही, त्यांना तेवढीही मिळत नाही. खरा विषय तो आहे. त्यावर बोला.

झीलकरी
विषय त्यांचा त्या ठरवतील. हे वाक्य उघड्यावर मरतं, कारण क्रियापद शेवटी आणि मुद्दा मध्ये लपलेला. "तुटपुंज्या", "गुजराण", "खेदजनक" यातलं एकही कुणी परत म्हणणार नाही. असं करा. डावीकडची ओळ तुमची, उजवीकडची बायकांची:

आयुष्यभर काय केलं? — विड्या वळल्या!
बोटं कुणाची झिजली? — आमची!
पाठ कुणाची वाकली? — आमची!
पेन्शन किती? — हजार!
हजारात भागतं का? — नाही!

"आमची" दोनदा मुद्दाम आहे. पहिल्यांदा अर्धी गर्दी चाचपडते, दुसऱ्यांदा सगळी येते. तिसऱ्यांदा तेच उत्तर घेतलं तर मात्र जोर उतरतो. शेवटचा स्वर लांबवता आला पाहिजे. "नाही", "हजार", "आमची" लांबवता येतात. "हक्क", "बस्स" तोंडातच तुटतात. स आणि श दूरवर आधी मरतात.

आणि ज्या प्रश्नाला दोन उत्तरं निघू शकतात तो विचारायचाच नाही. "गॅस, लाइटबिल गेल्यावर किती उरतात?" कुणी "काहीच नाही" म्हणेल, कुणी "शंभर", कुणी हसेल. तो गोंधळ मागच्यांना भांडणासारखा ऐकू येतो, आणि गेलेला ताल परत आणायला दोन-तीन घोषणा द्याव्या लागतात.

पेठेतला_तेलुगु
बहुतेक बायका घरात तेलुगु बोलणाऱ्या असतील ना? मग ओळी तेलुगुतच द्या. "पुरत नाही"ला "चालदु" म्हणतील खणखणीत.

विडी_घरकुल
तेलुगु, कन्नड, उर्दू सगळ्या आहेत. मराठी सगळ्यांना कळतं ओ.

झीलकरी
बायकांचं उत्तर एकच ठेवा. भाषेप्रमाणे उत्तर बदललं की एका वेळी तीन शब्द उठतात आणि दूरवर त्यातला एकही कळत नाही. तुमच्या ओळीत मध्येच एखादी तेलुगु चालेल.

पेठेतला_तेलुगु
पटत नाही. आपल्या भाषेत आलं की आवाज दुप्पट निघतो.

निवृत्त_मास्तर
सोलापूरकरांना हे शिकवायची गरज आहे का? गड्ड्याच्या यात्रेत "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" सुरू झालं की लाख माणूस बरोबर जागेवर येतं. तिथं कोण हिशेब मांडतं?

झीलकरी
मास्तर, कारण ते उत्तर सगळ्यांना आधीच पाठ आहे. ताईंच्या मोर्च्यातली उत्तरं नवीन आहेत. म्हणून निघायच्या ठिकाणी, चार पुतळ्यापाशी, ती म्हणवून घ्यायची. भाषणात नवं उत्तर एकच, शेवटच्या मागणीचं.

दुसरं, हात. आवाजाला चौतीस मीटर जायला दशांश सेकंद लागतो. कडेच्या बायका ऐकून बोलल्या की मागं पडतात आणि सगळ्यांचं उत्तर लांबत, विरत जातं. हात सगळ्यांना एकाच वेळी दिसतो. ओळ म्हणताना हात वर, ओळ संपली की झटक्यात खाली, खाली आला की उत्तर. पुढची ओळ कडेचं उत्तर थांबल्यावरच घ्यायची. घाईत इथंच चुकतं. बोलणारीला समोरचं उत्तर संपलेलं ऐकू येतं आणि ती सुरू होते, तिची ओळ कडेच्या बायकांच्या आवाजाखाली जाते. कडेच्या दोघींकडे बघा, तोंडं मिटली की पुढं.

हात दिसायला उंची हवी. टेम्पोच्या हौद्यावर उभ्या राहा. बसलेल्यांच्या डोक्यांवरून आवाज गेला तर लांब जातो, डोक्यांच्या पातळीवरून गेला तर पहिल्या काही रांगांतच शोषला जातो. ऊन तुमच्या तोंडावर पाहिजे, बायकांच्या डोळ्यात नाही, नाहीतर हात दिसणार नाही. वारा तुमच्या पाठीकडून पाहिजे, रुमाल धरून बघा. ऊन-वाऱ्याचं जुळलं नाही तर ऊन बघा.

पाटलाग
मी म्हणतो चार खड्या आवाजाची माणसं पंधरा-पंधरा मीटरवर उभी करावी, त्यांनी ओळ पुढं सांगावी. सोपं.

झीलकरी
एकटा माणूस ओळ बदलतो. "भागतं का" चं "भागणार का" होतं, तिसऱ्याकडं "मागणार का". रांगच्या रांग म्हणते तेव्हा चुकणारी दबते. माणसं ठेवा, पण बोलायला नाही, उत्तर सुरू करायला. आठ-दहा बायका गर्दीत पसरून, निम्म्या दोन्ही टोकांना. त्यांनी फक्त हात बघायचा.

पाटलाग
मला अजूनही माणसं उभी करणंच बरं वाटतं.

विडी_घरकुल
बरं. मागणी साडेसात हजार पेन्शनची आहे. ती कशी घ्यायची?

तिखट_शेंगाचटणी
टोकाला साडेसाती ऐकू येईल 😀

झीलकरी
चटणीबुवांचा विनोद खरा आहे. आकडे हीच कच्ची जागा. सात, साठ, आठ दूरवर एकच ऐकू येतात, फरक फक्त व्यंजनाचा आणि तेच आधी जातं. आकडा एकट्यानं टाकू नका. पाच शब्दांच्या ओळीत घ्या आणि बायकांकडून पूर्ण म्हणवा:

पेन्शन किती पाहिजे? — साडेसात हजार!

एका मोठ्या कापडावर ७५०० लिहून दोघींनी याच वेळी वर धरायचं, आधी नाही. भाषणात दुसरा आकडा फक्त "हजार". टक्के, तारखा, कलमं सगळी निवेदनात.

विडी_घरकुल
आणि घशाचं?

आवाजतज्ज्ञ_नाही
आदल्या रात्रीपासून पाणी, दर ओळीनंतर नाकानं श्वास, मान वर ताणायची नाही. थंड-झणझणीत गोळ्या टाळा. घसा बधिर होतो, ताण कळत नाही आणि संध्याकाळी आवाज जातो. किंचाळला की सूर वर चढतो आणि शब्द फुटतो. नेहमीच्या सुरापेक्षा थोडाच वर, स्वर लांब. घोषणा तुम्ही देऊ नका, दुसरीला द्या. तुमचा घसा पाच मिनिटांसाठी राखा.

विडी_घरकुल
पाच मिनिटं म्हणजे बाकीचे पदाधिकारी बोलतील की. सहा जण आहेत यादीत. आणि दोन पानी निवेदन वाचायचंय.

झीलकरी
सहाही जण माईकशिवाय? मग सहाव्याला ऐकायला पहिली रांगच उरेल. एकीनं बोलावं, बाकीच्यांनी टोकांना बसून हात बघत उत्तर द्यावं. निवेदन वाचू नका. त्यातल्या तीन मागण्यांच्या तीन ओळी करा, इथं टाका, आज रात्री बघतो.

विडी_घरकुल
पदाधिकारी टोकाला बसणार नाहीत हो. टाकते ओळी.