बँक 9 ने देते, मग चाळणी 12.3 ची का?

वेर्णेकर: वेर्ण्याच्या आमच्या कारखान्यावर सोलर बसवायचा प्रस्ताव फेटाळला. खर्च 1 कोटी. कर वजा जाता वर्षाला साडेबारा लाखांची बचत, 20 वर्षं. परतावा जवळपास 11 टक्के. बँक 9 ने द्यायला तयार. फायनान्सवाले म्हणतात, वॅक, म्हणजे कर्ज आणि भागभांडवल यांचा सरासरी खर्च, 12.3; त्याखालचं काही पास नाही. हा हिशेब की अडवणूक?

पर्वरीकर: हा युक्तिवाद ऐकून कंटाळलो, म्हणून सविस्तर लिहितो. बँक 9 ने देते ती छप्पर बघून नव्हे, कंपनीत मालकांचे 60 टक्के आहेत म्हणून. ही कर्जमर्यादा सोलरने खाल्ली की पुढचं यंत्र भागभांडवलातून घ्यावं लागेल. तिथे मालकांची अपेक्षा 16 ची. म्हणजे 11 चं सोलर पास आणि 15 चं यंत्र नापास! म्हणूनच सरासरी काढतात: 40 टक्के कर्जाचा करबचतीनंतरचा पावणेसात, 60 टक्क्यांचा 16. त्या दराने तुमची 20 वर्षांची बचत आजच्या किमतीत 92 लाखांचीही नाही.

म्हापशेकर: 16 कुठून आणले? लाभांश 2 टक्केसुद्धा मिळत नाही. भागभांडवल कंपनीला फुकटच पडतं.

पर्वरीकर: लाभांश दिला नाही म्हणून मालकाने दुसरीकडे मिळवले असते ते बुडत नाहीत का? 16 हा अंदाज आहे, एवढं मान्य. 14 धरा, वॅक 11.1 येतो. तरीही सोलर थोडक्यात पडतं.

डिचोलीकर: दरावर काय भांडता? आम्ही कर्ज काढून खाणींचा माल वाहायला बार्ज घेतली. 2012 च्या सप्टेंबरात खाणी बंद. सुरू झाल्या, 2018 च्या मार्चात परत बंद. बार्ज मांडवीत गंजली, हप्ते चालूच. 20 टक्के लावले असते तरी काय कळलं असतं?

म्हापशेकर: खाणी बंद करणाऱ्यांना आधी विचारा! माझ्या भावाचे ट्रक...

डिचोलीकर: ट्रक विकता तरी येतो, बाब. बार्ज कोण घेणार?

मडगावची सीए: डिचोलीकर, बंदीची भीती दरात कोंबायची नसते. धंदा बंद असलेली वर्षं शून्य उत्पन्नाने मांडायची, त्यांना शक्यतेचं वजन द्यायचं. दर फुगवला की लांबची चांगली वर्षंही मारली जातात.

आणि पर्वरीकर, तुमची चूक वेगळी. 12.3 हा अख्ख्या कंपनीच्या जोखमीचा दर. माझ्या एका अशिलाने त्याच एका दराने मोरजीचं रिसॉर्ट 14 टक्क्यांवर पास केलं. पावसाळ्यात खोल्या ओस. तिथे 16 लावायला हवे होते. वीजबिलातली बचत स्थिर. 10 ने मोजा, 106 लाख येतात.

पर्वरीकर: रिसॉर्टचं बरोबर, नाइलाजाने मानतो. पण कारखाना बंद पडला तर बचत कुठली? छप्पर तुमच्याच धंद्याला बांधलेलं आहे. 10 कसे?

मडगावची सीए: मग साडेदहा घ्या, तरी 2 लाखांवर उरतात. 12.3 मात्र नाही.

वेर्णेकर: आमचं गिऱ्हाईक एकच कंपनी आहे. ते धरून कितीने मोजू?