इक्विटी व्हॅल्यूला मराठीत काय म्हणाल?

सायली_क: एका व्हॅल्युएशन रिपोर्टचं मराठी करतेय. एंटरप्राइज व्हॅल्यूला 'उद्यममूल्य' लिहिलं आणि इक्विटी व्हॅल्यूला 'भागभांडवल मूल्य', तर तपासणाऱ्याने दुसऱ्यावर लाल रेघ मारून परत पाठवलं. कोशात तर इक्विटी म्हणजे भागभांडवल असंच आहे, मग चुकलं कुठे?

जुनाखातेदार: रेघ बरोबर आहे. भागभांडवल हा ताळेबंदातला आकडा, शेअरची दर्शनी किंमत गुणिले संख्या. तुमच्या रिपोर्टमधली इक्विटी म्हणजे सगळ्यांची देणी भागवून मालकांच्या हातात जे उरतं ते. उद्यममूल्य 1000 कोटी धरा. कर्ज 300 वजा, रोकड 80 मिळवा, आणि उपकंपनीत बाहेरच्यांचा हिस्सा आहे त्याचे 40 वजा. उरले 740. याच कंपनीचं भागभांडवल 100 कोटीही असू शकतं.

पिंट्या: पण उद्यममूल्य ज्या रोख प्रवाहावरून काढतात त्यातून व्याज आधीच गेलेलं असतं ना, मग परत कर्ज वजा म्हणजे दोनदा कापणं झालं की!

जुनाखातेदार: फर्मचा रोख प्रवाह व्याजाआधीचा असतो, म्हणूनच तर कर्ज नंतर वजा करायचं. पण कुणी निव्वळ नफ्यापासून सुरुवात केली आणि व्याज परत मिळवायला विसरला, तर तुम्ही म्हणता तसं दोनदा कापलं जातं खरं. ही चूक मी स्वतः केलीय, शेअरची किंमत इतकी खाली आली की मलाच शंका आली.

निळी_शाई: मुळात इक्विटी हा लॅटिन 'समान'वरून आलाय, म्हणून तर समभाग! कायद्यात त्याचाच समन्याय होतो. 'सममूल्य' म्हणा, सुंदर शब्द आहे.

सायली_क: सममूल्य म्हणजे दर्शनी किमतीला ना? 'सममूल्याने विक्री' असं ऐकलंय.

निळी_शाई: हो, ते खरंय. मग 'स्वत्वमूल्य'?

पिंट्या: स्वत्व वगैरे कविता झाली 😄 इक्विटी व्हॅल्यू लिहा ना सरळ, वाचणारे तेच बोलतात.

वसुधा_म: माझ्या फ्लॅटचं असंच, लोन वजा केलं तर माझं स्वयंपाकघर तेवढं उरतं, बाकी सगळं बँकेचं. मी तर 'मालकांच्या वाट्याचं मूल्य' लिहीन, लांब आहे पण कळतं.

जुनाखातेदार: वाट्याचं चांगलंय. फक्त वाटेकरी किती ते नीट मोजा. 10 कोटी शेअर धरले तर शेअरमागे 74 रुपये येतात, पण कर्मचाऱ्यांना जवळपास फुकटात मिळणारे आणखी 50 लाख शेअर देणं असेल तर भागायचं 10.5 कोटींनी, म्हणजे साधारण 70.5. आणि ते बाहेरच्यांचे 40 जर ताळेबंदातून उचललेले असतील तर तेही तपासा, उपकंपनी जोरात चालत असेल तर त्यांच्या हिश्शाची खरी किंमत जास्त असते.

सायली_क: अरे देवा, 40 खरंच ताळेबंदातले आहेत. पण ते रिपोर्टवाल्यांचं काम, माझं नाही. 'वाट्याचं मूल्य' पाठवते.

निळी_शाई: आणि ते रोकड का रोख? रोख विशेषण, रोकड नाम, मग 'रोख प्रवाह' कसा चालतो?

पिंट्या: झालं सुरू.